'आनीले' नेमकं कुणाचं? नामदेवांच्या एका पदाला शब्दागणिक भाषा लावताना

प्रश्न : "गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांत प्रत्येक शब्दापुढे त्याची भाषा लिहायचं काम आम्ही दोघी मैत्रिणी करतोय. 'आनीले कुंभ भराईले ऊदक' या पदापाशीच अडलो. मी 'आनीले', 'भैला', 'केला', 'बिटारिओ' हे शब्द मराठी धरले, मैत्रिणीने त्यांतले बहुतेक हिंदी किंवा पंजाबी धरले. कुणाचं बरोबर मानायचं? आणि पुढची पदं कशी करायची?"

तुम्ही दिलेल्या चार शब्दांत मूळ, प्रत्यय आणि उच्चार या तिन्ही अंगांनी मराठी ठरेल असा एकही शब्द नाही. पण म्हणून मैत्रिणीचं बरोबर, असंही नाही. 'आनीले'चा शेवट मराठी कानाला ओळखीचा वाटतो तो उगाच नव्हे. अडचण अशी की तुम्ही दोघी एका शब्दाला एकच भाषा द्यायला बसला आहात, आणि या पदातले शब्द तसे घडलेलेच नाहीत. आधी सगळं पद डोळ्यांसमोर घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. राग आसा, छापील प्रतीत पान 485.

आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ ॥
बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ ॥
जत्र जाउ तत बीठलु भैला ॥ महा अनंद करे सद केला ॥ रहाउ ॥
आनीले फूल परोईले माला ठाकुर की हउ पूज करउ ॥
पहिले बासु लई है भवरह बीठल भैला काइ करउ ॥
आनीले दूधु रीधाईले खीरं ठाकुर कउ नैवेदु करउ ॥
पहिले दूधु बिटारिओ बछरै बीठलु भैला काइ करउ ॥
ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही ॥
थान थनंतरि नामा प्रणवै पूरि रहिओ तूं सरब मही ॥

अर्थ सरळ आहे. घागर आणली, पाणी भरलं, देवाला न्हाऊ घालावं म्हटलं. पण पाण्यात बेचाळीस लाख जीव आहेत, म्हणजे तिथे विठ्ठल आधीच आहे, मग मी काय करू? फुलांचा वास आधी भुंग्यांनी घेतला, दूध आधी वासराने उष्टं केलं. जाईन तिथे विठ्ठलच.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी तुमच्या तक्त्यात 'भाषा' नावाचा जो एक रकाना आहे, तो काढून टाका आणि त्या जागी तीन रकाने करा: शब्दाचं मूळ कोणत्या भाषेच्या रूपात आहे, त्याला लागलेला प्रत्यय कोणत्या भाषेचा आहे, आणि लिहिण्याच्या पद्धतीतून काय आलं आहे. तुमचं भांडण यातच निम्मं मिटेल. तुम्ही 'आनीले'चा शेवट पाहून मराठी म्हणत होता, मैत्रीण बहुधा त्याचं मूळ पाहून हिंदी म्हणत होती. दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होता.

'आनीले'चं मूळ 'आन'. मराठीत 'आण'. पंजाबीतही 'ण'च आहे. गुरुमुखीत 'ण'साठी वेगळं अक्षर आहे, आणि ज्याने हे पद लिहिलं त्याने याच पदात खाली 'प्रणवै' हा शब्द 'ण' घालून लिहिला आहे. म्हणजे 'ण' लिहिता येत नव्हता म्हणून 'न' आला, असं म्हणायला जागा नाही. 'न' हा ब्रज-हिंदीकडचा उच्चार. तेव्हा पहिल्या रकान्यात 'हिंदी'. 'भराईले'चंही तसंच. मराठीत भर-चं प्रयोजक 'भरवणे', जुन्या मराठीत 'भरविले'. तिथे 'व' येतो. 'भराना'तला 'आ' हिंदीचा आहे आणि 'भराईले'त तोच आहे. 'परोईले'त तर प्रश्नच नाही, कारण मराठी माणूस माळ ओवतो, 'परोना-पिरोना' उत्तरेकडचं.

राहिला '-ईले'. इथे थोडं थांबायला हवं, कारण या पदातला सगळ्यात मोहात पाडणारा तुकडा हाच आहे. मराठी वाचकाला 'आणिले, भरिले' ऐकू येतं आणि तो निःशंकपणे मराठी लिहून मोकळा होतो. पण प्रत्यय मराठी आहे की नाही हे त्याच्या दिसण्यावरून ठरत नाही, तो मराठीच्या नियमाने वागतो की नाही यावरून ठरतं. मराठीत हा प्रत्यय कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो: कुंभ आणिला, उदक आणिले, माळ ओविली. पदात मात्र 'परोईले माला' आहे. माळ स्त्रीलिंगी, मराठीच्या नियमाने '-ली' हवं होतं. 'आनीले कुंभ'मध्येही कुंभ पुल्लिंगी आहे आणि घागर तर एकच आणली आहे. ('रीधाईले खीरं' मी पुराव्यात घेत नाही, कारण त्या अनुस्वाराने 'खीर' शब्दाला संस्कृत नपुंसकाचा वेष चढवला आहे.)

एका पदावरून निकाल द्यायचा नाही, हा माझा शिरस्ता आहे. नामदेवांचंच दुसरं पद घ्या, राग रामकलीतलं. सुरुवात अशी: 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले'. कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात सोडला. तिथे 'गूडी' स्त्रीलिंगी, तरी 'काटीले'. पुढे 'चीतु सु डोरी राखीअले' आहे. 'चीतु' पुल्लिंगी एकवचनी, तरी '-ले'. 'मनु राम नामा बेधीअले', पुन्हा तेच. आणि त्याच पदात पुढे 'आनीले कुंभु भराईले ऊदक' हे आपलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं भेटतं. इथे तर 'कुंभु' असं लिहून ते पुल्लिंगी एकवचनी असल्याची खूणच दिली आहे, आणि तरीही क्रियापद 'आनीले'.

याचा अर्थ असा की या पदांतला '-ले' गोठलेला आहे. 'केलं आणि मग' अशी कथनाची लय धरण्यापुरता तो येतो, लिंगवचन पाळत नाही. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडचा प्रत्यय उत्तरेच्या मिश्र संतभाषेत रुजला की त्याचं असं होऊ शकतं. पण '-ल'ची भूतकाळी रूपं भोजपुरी, मैथिली, बंगालीतही आहेत, हे विसरून चालत नाही. म्हणून दुसऱ्या रकान्यात मी लिहितो: 'ल-प्रत्यय, गोठलेला, मराठी किंवा पूर्वेकडचा'. हे उत्तर अर्धवट वाटेल, पण पुरावा जिथवर जातो तिथवरच ते जातं. त्या जागी नुसतं 'मराठी' लिहिलंत, तर उद्या कुणी तुमच्या तक्त्यावरून मोजणी करील आणि नामदेवांच्या हिंदी पदांत मराठीचं प्रमाण भलतंच फुगलेलं दिसेल.

'भैला'मध्ये तर पारडं मराठीच्या विरुद्धच झुकतं. मराठीत 'झाला', जुन्या ग्रंथांत 'जाला', 'जाहला'. संस्कृत 'भू'पासून निघालेलं 'भया', 'भयो' हे हिंदी-ब्रजचं, आणि त्याच मुळाला 'ल' लागलेलं भोजपुरीत 'भइल', मैथिलीत 'भेल'. चर्यापदांत, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या बौद्ध गीतांतही, 'भइला-भइली' अशी रूपं आहेत. त्यामुळे 'भैला'चं मूळ मराठी नाही, एवढं ठामपणे लिहा. शेवटचा 'आ' आणि 'ल' मिळून तो मराठी 'गेला, झाला'च्या ओळीत बसतो, म्हणूनच आपला कान फसतो. मी स्वतः हे पद पहिल्यांदा केलं तेव्हा 'भैला'पुढे मराठी लिहिलं होतं, आणि पूर्वेकडची रूपं शेजारी मांडून पाहिल्यावरच ते खोडलं.

आता 'केला'. इथे तुमची चूक झाली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ओळ पाहा: 'महा अनंद करे सद केला'. 'करे' हे क्रियापद आधीच वाक्यात आहे. 'केला' हे मराठी 'करणे'चं भूतकाळी रूप मानलं, तर एका वाक्यात 'करणे' दोनदा येतं आणि अर्थ लागत नाही. हा 'केला' म्हणजे 'केलि', क्रीडा. 'भैला'शी यमक जुळावं म्हणून त्याला 'आ' मिळाला आहे. विठ्ठल सदा आनंदाने खेळतो, असा अर्थ. म्हणजे संस्कृत मूळ, शेवट यमकासाठी ओढलेला, आणि मराठीशी संबंध शून्य. शब्द एकटा काढून कोशात शोधला की अशा चुका होतात. मी नियमच केला आहे: आधी पूर्ण ओळीचा अन्वय लावायचा, कर्ता-कर्म-क्रियापद हातात घ्यायचं आणि मगच शब्दाला हात लावायचा. अन्वय लागत नसेल तर ती ओळ रिकामी ठेवायची.

'बिटारिओ'वर तुमचा जीव का जडला ते मला कळतं. 'विटाळ' हा आपला घरातला शब्द. देवाला वाहायचं दूध वासराने विटाळलं, ही कल्पनाच मराठी स्वयंपाकघरातली वाटते. पण या शब्दाची परीक्षा त्याच ग्रंथात करता येते. रविदासांचं गूजरी रागातलं पद काढा: 'दूधु त बछरै थनहु बिटारिओ, फूलु भवरि जलु मीनि बिगारिओ'. तेच दूध, तेच वासरू, तोच भुंगा, तेच क्रियापद. रविदास काशीचे, त्यांच्यावर मराठीचा आरोप कुणी करणार नाही. तेव्हा 'बिटारना' हे त्या काळच्या उत्तरेकडच्या भाषेतलं चालतं क्रियापद आहे आणि आपलं 'विटाळणे' त्याचं भावंड. 'व'च्या जागी 'ब', 'ळ'च्या जागी 'र', शेवटी '-इओ'. तिन्ही खुणा उत्तरेच्या. इथे मैत्रिणीचं बरोबर.

यातून जी पद्धत निघते ती मला फार मोलाची वाटते. एखादा शब्द मराठी आहे असं वाटलं, की तो ग्रंथात कबीर, रविदास किंवा शीख गुरूंच्या वाणीत येतो का ते पाहायचं. येत असेल तर तो मराठीचा पुरावा म्हणून बाद. 'सगले' हा शब्द असाच बाद होतो. वाचताना 'सगळे' ऐकू येतं, पण 'सगल', 'सगले' गुरूंच्या वाणीत पानोपानी आहे. ग्रंथाची शब्दसूची हाताशी असेल तर याला दोन मिनिटं लागतात, आणि तुमच्या यादीतले बरेचसे 'मराठी' शब्द गळून पडतील.

मोठ्या, अर्थाने भरलेल्या शब्दांकडे आपलं लक्ष आधी जातं, पण पदाची चौकट कोणत्या भाषेची आहे हे लहान शब्द सांगतात. नाम-क्रियापदं एका भाषेतून दुसरीत सहज जातात. सर्वनामं आणि विभक्तीचे शब्द सहसा जात नाहीत. या पदात 'मी'साठी 'हउ' आहे, मराठी 'मी' नाही. 'ठाकुर की पूज' आहे, 'ठाकुराची' नाही. 'कउ', 'महि', 'बिनु', 'है' हे सगळे उत्तरेचे. 'बइआलीस' हा आकडाही हिंदीचा, आपला 'बेचाळीस' त्यात कुठे नाही. मराठीकडे झुकणारा लहान शब्द एकच दिसतो, 'काइ करउ'मधला 'काइ'. जुन्या मराठीत तो असाच आहे. पण राजस्थानीत 'कांई' आहे, म्हणून तिथे 'मराठी किंवा राजस्थानी' लिहावं लागेल. 'करउ' तर सामाईकच. मराठी 'करू' आणि ब्रजचं 'करौं' दोन्ही त्याच जुन्या रूपाची लेकरं आहेत.

'होते'कडे मात्र नीट पाहा. अक्षर न अक्षर तोच शब्द मराठीतही आहे आणि हिंदीतही. मराठीत तो 'होते' म्हणजे भूतकाळ, हिंदीत 'असतात'. शेजारी 'जल महि' असं हिंदी शब्दयोगी रूप आहे, म्हणून मी हिंदी वाचन घेतो: पाण्यात बेचाळीस लाख जीव असतात. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या निम्म्या. नेहमीचं सत्य सांगायचं असल्याने 'असतात' अर्थालाही बरं बसतं.

लिंग हा आणखी एक पुरावा, आणि तो सहसा कुणी तपासत नाही. मराठीत तीन लिंगं, हिंदी-पंजाबीत दोन. 'दूध' मराठीत नपुंसक. पदात 'दूधु बिटारिओ' आहे. 'बिटारिओ' पुल्लिंगी एकवचन, म्हणजे हे दूध पुल्लिंगी आहे. 'बासु लई है'त 'लई' स्त्रीलिंगी, म्हणजे वास इथे स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडे तो वास, पुल्लिंगी. शब्द मराठीतही असलेला, पण व्याकरण त्याला मराठी घरचं समजत नाही. असा शब्द तुमच्या तक्त्यात 'सामाईक' या खान्यात जाईल, पण शेरा लिहा: लिंग हिंदी-पंजाबीचं.

तिसऱ्या रकान्याबद्दल, म्हणजे लिखाणाबद्दल. 'बीठलु', 'दूधु', 'संसारु', 'इसनानु' यांच्या शेवटचा 'उ' पाहून मैत्रिणीने बहुधा पंजाबी लिहिलं असेल. हा 'उ' पुल्लिंगी एकवचनी नामाची खूण आहे, अपभ्रंशातून आलेली, आणि ग्रंथाच्या लेखनात ती फार काटेकोरपणे पाळली आहे. याच पदात ती चालताना दिसते: 'ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु'. दोनदा 'बीठलु', आणि 'बिनु' पुढे येताच 'बीठल'. पुढे शब्दयोगी आलं की 'उ' जातो. जुन्या मराठीतही असा 'उ' होता, 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' तुमच्या कानात असेलच. त्यामुळे त्यावरून मराठीही ठरत नाही आणि पंजाबीही. त्याला लिखाणाच्या रकान्यात ठेवा आणि भाषेच्या मोजणीत घेऊ नका. 'लख'ची गोष्ट थोडी वेगळी. मराठी-हिंदीत 'लाख' असा स्वर लांबला, पंजाबीत 'लक्ख' असा ऱ्हस्व राहिला. पदात ऱ्हस्व आहे, म्हणून पंजाबीकडे कल, पण जुन्या हिंदी पद्यातही ऱ्हस्व 'लख' येतो, म्हणून कलच, निकाल नव्हे.

हा तिसरा थर वेगळा ठेवण्याचं कारण काळात आहे. नामदेवांचा काळ परंपरेने 1270 ते 1350 मानतात. आदिग्रंथाचं, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाच्या पहिल्या रूपाचं, संकलन गुरू अर्जनदेवांनी 1604 साली पुरं केलं. मधली अडीचशे वर्षं ही पदं गाणाऱ्यांच्या तोंडी होती, पंढरपूरपासून पंजाबातल्या घुमाणपर्यंत आणि त्याच्याही पुढे. ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत आणि ती सगळी या प्रवासातून गेलेली आहेत. एखाद्या शब्दातला 'न' नामदेवांचा, गायकाचा की लिहिणाऱ्याचा, हे एकट्या शब्दावरून कळत नाही. म्हणून तुमच्या तक्त्याच्या माथ्यावर स्पष्ट लिहा की ही भाषा या ग्रंथातल्या पाठाची आहे, नामदेवांच्या तोंडची नव्हे. राजस्थानातल्या दादूपंथीयांच्या पंचवाणीतही नामदेवांची पदं जपली आहेत. तिथला पाठ शेजारी ठेवता आला तर कोणता थर कुठे चढला याचा अंदाज येऊ लागतो: दोन्हीकडे टिकलेली खूण बहुधा जुनी, एकीकडेच दिसणारी बहुधा त्या प्रदेशाची.

आता पहिल्या दोन ओळी माझ्या तक्त्यात कशा उतरतात ते सांगतो. एकूण शब्द अठरा. 'कुंभ', 'ऊदक', 'जल' संस्कृत. उदक आपल्याकडे रोजच्या पूजेत आहे म्हणून त्याला मराठी म्हणायचा मोह होतो, पण संस्कृत शब्द कुठूनही येऊ शकतो, तो पुरावा नाही. 'ठाकुर', 'जी' आणि दोनदा आलेला 'करउ' सामाईक. 'कउ', 'महि', 'बइआलीस' हिंदी, आणि वर सांगितलेल्या कारणाने 'होते'ही. 'इसनानु'चं मूळ संस्कृत, पण पुढे लागलेला 'इ' उत्तरेच्या बोलीचा. 'लख' पंजाबीकडे कल. 'बीठलु' हे नाम पंढरपूरचं, 'ब' उत्तरेचा. 'भैला' हिंदी-पूर्वेकडचं. 'काइ' मराठी किंवा राजस्थानी. उरले 'आनीले' आणि 'भराईले', मूळ हिंदी, प्रत्यय गोठलेला ल. अठरांत संपूर्ण मराठी असा एकही नाही, आणि तरीही या ओळी मराठी माणसाला आपल्या वाटतात. ते वाटणं खोटं नाही. ते विठ्ठल, उदक, काइ आणि दोन '-ले' यांच्या मिळून झालेल्या नादातून येतं. फक्त ते शब्दांच्या मोजणीत सापडत नाही.

मग खरं मराठी या पदांत कुठेच नाही का? आहे. राग धनासरीतलं 'पहिल पुरीए पुंडरक वना' हे पद काढा. तिथे 'ता चे हंसा सगले जनां' आहे, 'भ्रमि भ्रमि आए तुम चे दुआरा' आहे. षष्ठीचा 'च' ही या सगळ्या भाषांत मराठीची सर्वांत भक्कम खूण. हिंदीत 'का', पंजाबीत 'दा', गुजरातीत 'नो', राजस्थानीत 'रो'. राजस्थानच्या डिंगळ काव्यात 'चा-ची' भेटतात, एवढा अपवाद लक्षात ठेवा. पण नामदेवांच्या पदात 'तुम चे' आलं की मी न कचरता मराठी लिहितो. त्याच पदात 'हरि का बागरा'ही आहे, म्हणजे एकाच पदात 'का' आणि 'चे' दोन्ही. कवी दोन्ही भाषांत वावरतो आहे आणि हे मिश्रण खरं आहे, लिहिणाऱ्याच्या चुकीने झालेलं नाही, असं मला याच पदावरून वाटतं. तरी इथेही 'तुमच्या दारी' असं सामान्यरूप आलेलं नाही, 'चे' तसाच राहिला आहे. मूळ मराठी, वागणं पुरतं मराठी नाही. तेव्हा शेरा इथेही हवा.

या पदात आणखी एक धोका आहे तो शब्द तोडण्याचा. जुन्या हस्तलिखितांत गुरुमुखी मजकूर शब्दांमध्ये जागा न सोडता, सलग लिहिलेला असे. 'ता चे', 'तुम चे' यांतली जागा छापताना पडली आहे. मराठी डोळ्याला ते 'ताचे', 'तुमचे' असे एकेक शब्द आहेत. तुमच्या तक्त्यात 'चे' हा स्वतंत्र शब्द मोजलात तर मराठी शब्दांची संख्या वाढते, 'तुमचे' असा जोडलात तर कमी होते. कोणताही एक मार्ग घ्या, पण एकसष्टही पदांत तोच ठेवा आणि तक्त्यावर लिहून ठेवा.

पुढच्या पदांसाठी तुम्ही दोघींनी असं करा. एकमेकींचं न पाहता आधी फक्त लहान शब्द भरा: सर्वनामं, विभक्तीचे शब्द, 'है-आहे'सारखी साहाय्यक रूपं, आकडे. त्यांवर तुमचं फारसं दुमत होणार नाही आणि पदाची चौकट ठरेल. मग ल-प्रत्ययाची रूपं घ्या आणि प्रत्येकाला लिंगाची परीक्षा लावा. शेवटी नामं आणि धातू, ग्रंथातल्या इतर कवींशी ताडून. जिथे दुमत होईल तिथे कुणाचं बरोबर हे ठरवण्याआधी दोघींनी कोणत्या रकान्याबद्दल मत दिलं ते पाहा.

धनासरीच्या त्या पदाची शेवटची ओळ तुम्हाला लगेच कामाला लावील: 'आला ते निवारणा जम कारणा'. 'आला' म्हणजे मराठी 'आला', यमाच्या भयापायी तुझ्या दारी आलेला नामा? की 'आलय', म्हणजे संसाराचं घर, ज्याच्यातून सोडवायचं आहे? त्याआधीच 'आए तुम चे दुआरा' असं येणं सांगून झालं आहे, आणि 'आए' हे हिंदी रूप आहे. पुढे 'ते' आणि 'निवारणा' आहेत. 'यापासून सोडव' असा अन्वय लावला तर 'आला' नाम ठरतं. 'केला'च्या वेळी जे केलं तेच इथे करा, आधी अन्वय. मी दोन्ही वाचनं तक्त्यात ठेवली आहेत, 'आलय' वर आणि मराठी 'आला' त्याच्या खाली.